वरून दुसरं बटन

२ मार्च, रविवार
निर्णय झाला. वीस वर्षं लोकांच्या लग्नांत कॅमेरा घेऊन धावलो. नवरी रडली की झूम, पंगतीवरून पॅन. बस्स. आता स्वतःची फिल्म. मातीच्या वस्तू थोड्या थोड्या हलवायच्या, दर वेळी एक फोटो, म्हणजे स्टॉप-मोशन. नागपूरच्या एका फेस्टिव्हलमध्ये 'विनासंवाद' गट आहे. स्क्रिप्ट आणि एक मिनिटाचा नमुना, शेवटची तारीख ३० एप्रिल. विषय: हरवलेलं बटन घरी परत येतं. गडचिरोलीतून असं आजवर कोणी केलेलं नाही.
नजमाला सांगितलं. ती मशीनवर होती. ईदचे अठरा सूट आहेत तिच्याकडे. मान हलवली. बायकोचा पाठिंबा असला की माणूस काहीही करू शकतो.

५ मार्च
स्क्रिप्ट पूर्ण. दोन पानं. 'बटनाला घराची आठवण येते. त्याचं मन भरून येतं.' वाचून माझंच मन भरून आलं.

८ मार्च
धानोऱ्याहून कोलूभाऊ आला. आश्रमशाळेत हस्तकला शिकवतो. मुलांकडून अशा दोन-तीन फिल्म करून घेतल्यात त्याने, म्हणून स्क्रिप्ट दाखवली. म्हणाला, "रईसभाऊ, आठवण आली हे कॅमेऱ्याले कसं दिसन? दिसते तेवढंच लिहा."
शिक्षक लोकांना लाल पेन खाली ठेवता येत नाही. तरी खोडलं. आता असं: 'बटन थांबतं. अठरा फोटो स्थिर. मग हळूच मागे वळतं.' बरोबर आहे, पण साहित्य गेलं.

११ मार्च
वैनगंगेच्या मातीचं बटन केलं, पुरीएवढं, आत तार. दुपारपर्यंत तडकलं. कोलूभाऊला फोन. म्हणाला, "माती सुकली का आवळते. आतली तार थोडीच आवळन?" तेलातली माती मागवायची, ती सुकत नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं?

१५ मार्च
हिशेब: सेकंदाला चोवीस चित्रं, एक फोटो दोनदा वापरायचा, म्हणजे बारा फोटो. मिनिटाला सातशे वीस. बटन घरंगळताना मागून मेणाने टेकवायचं आणि दर फोटोला घड्याळाच्या एका आकड्याएवढं फिरवायचं. सुरुवातीला आणि थांबताना त्याहून कमी, नाहीतर झटका बसतो.
बाहेरचा उजेड आत आला तर चित्र लुकलुकतं. त्यामुळे पुढची खोली घेतली, पडदे लावले. नजमाचं मशीन मागच्या पडवीत. तिथे दिसत नाही म्हणाली. सूर्यप्रकाश सगळ्यात चांगला लाइट, हे तिला समजावून सांगितलं.

१८ मार्च
चाळीस फोटो काढले. पंखा बंद ठेवावा लागतो, पडदे हलतात. कॅमेऱ्याचे पाय टेपने जमिनीला चिकटवले. नजमा तीन दिवस बोललेली नाही. इफ्तारीला खजुरांची बशी पुढे सरकवते, तेवढंच. घरातली ही शांतता विनासंवाद फिल्मला फार पोषक आहे.

२१ मार्च, जुम्मा
बटन पुरीएवढं, म्हणजे शर्ट चटईएवढा हवा. कपाटात निळं साटीन पडून होतं. कापलं. ते शाजियाबाईंच्या ईदच्या सुटाचं निघालं. गिऱ्हाइकाचं कापड असं कपाटात ठेवतात का?
नजमा कापडाकडे बघत उभी राहिली. साधारण पाच सेकंद. साठ फोटो. दिग्दर्शक म्हणून लगेच लक्षात आलं.

२२ मार्च
नजमा चंद्रपूरला भावाकडे, सादिककडे गेली. सोबत मशीन. बहुतेक सर्व्हिसिंगला. ईदपर्यंत येईल.

३१ मार्च, ईद
आली नाही. सादिकचा फोन: ईद मुबारक, यंदा तुमची तुम्हीच करा. त्याची पुढची खोली तिला दुकानाला दिली म्हणे. तात्पुरती, अर्थात. शीरखुर्मा शेजारून आला. बरा होता.

१४ एप्रिल
त्रेचाळीस डिग्री. माती लोण्यासारखी. बटन मान टाकतं. फ्रीजमध्ये ठेवलं, तर बाहेर काढल्यावर अंगावर पाणी सुटतं आणि दर फोटोत चमक वेगळी. शहाण्णव फोटो वाया. त्यात मी पांढरा शर्ट घातलेला, त्याचा उजेड सेटवर पडतो. काळे कपडे घालायला हवेत. हवामान कलेच्या विरोधात आहे.

२० एप्रिल
काळ्या शर्टाचं वरून दुसरं बटन पडलं. टेबलाखाली सापडलं. वीस वर्षांत माझं एकही बटन तुटलं नव्हतं. मी समजत होतो, मला शर्ट चांगले निवडता येतात.
कोलूभाऊ आला होता. म्हणाला, "पण हे बटन तुटलं काऊन? तुमच्या फिल्ममंदी ते पयल्या शॉटलेच रस्त्यावर पडून हाय." मी म्हणालो, ते गोष्टीत येत नाही. तो म्हणाला, "बटन एकदम तुटत नाई, भाऊ. एक एक धागा जाते. कोणी पाह्यलं त टाका घालते. नाई पाह्यलं त पडते."
चहा न पाजताच पाठवलं त्याला.

२१ एप्रिल
पहिला शॉट नव्याने लिहिला. 'बटन चार धाग्यांवर. बारा फोटो स्थिर. एक धागा सुटतो. मातीचा हात चहाचा कप घेऊन समोरून जातो. बटन थोडं कलतं. दुसरा सुटतो. हात पुन्हा जातो, थांबत नाही. तिसरा. बटन लोंबतं, अठरा फोटो. चौथा.' सात सेकंद, चौऱ्याऐंशी फोटो. भावना कुठेच लिहिलेली नाही.
वाचलं आणि फार वाईट वाटलं. कारण माहीत आहे. लिहीत नाही.

२८ एप्रिल
शॉट झाला. पहाटे गारव्यात काढला. धाग्यांच्या आत बारीक तार, म्हणून जसे वळवले तसे राहिले. एकदाही लुकलुकला नाही. फोनवर घेतला. शेवटच्या शॉटमध्ये हात बटन शिवतात. त्यासाठी नजमाचे हात बघणं गरजेचं. चंद्रपूरला जावं लागेल. निव्वळ तांत्रिक कारण.

३० एप्रिल
योजना: शॉट दाखवायचा, तिचे डोळे भरून येतील, पाचच्या बसने दोघं परत. मशीनसाठी कंडक्टरशी आधीच बोलून ठेवलं. काळा शर्ट आणि पडलेलं बटन सोबत घेतलं.
दारावर पाटी: 'नजमा लेडीज टेलर'. माझ्या पुढे तीन बायका. नंबर आला. मी एका हाताने फोन काढला. तिने माझ्या दुसऱ्या हातातला शर्ट घेतला, बटन घेतलं, चिठ्ठी लिहिली: रईस. काळा शर्ट. एक बटन. जुम्म्याला मिळेल म्हणाली आणि माझ्या मागच्या बाईकडे बघितलं.
फोन तसाच खिशात. फेस्टिव्हलची शेवटची तारीख आज होती, हे परतीच्या बसमध्ये आठवलं.

२ मे, जुम्मा
शर्ट सादिकने दिला. नजमा आत पाठमोरी, इस्त्री करत होती. मी सात सेकंद उभा होतो. मोजले.
घरी येऊन बघितलं. बटनाखाली धाग्याचे वेढे देऊन मान केली आहे, मागे गाठ. दोनदा ओढलं. कापड फाटेल, बटन जाणार नाही. मग बाकीची बघितली. चिठ्ठीत एकच लिहिलं होतं. तिने सातही पक्की करून दिली आहेत. आता कितीतरी वर्षं या शर्टासाठी चंद्रपूरला जायची गरज पडणार नाही.