उसवून पाहिलेलं घर

३ नोव्हेंबर, सोमवार

आधी सगळ्यांच्या तब्येती. माझा खुबा – सुधारतोय, पण जिन्याचं नाव काढलं की कुरकुरतो. ठकी – घसा बसलाय, जेवण अर्ध्यावर आलंय. व्यायाम करून घेणारी मुलगी – सर्दी, तरी आली बिचारी. वॉकर – एक पाय वाजत होता, तेल घातलं, आता गप्प. खिडकीतली कुंडी – माझ्यापेक्षा लवकर उभी राहिली!

ठकी म्हणजे माझी भाची. माझं ऑपरेशन झालं आणि तिने मला सरळ आपल्या घरी आणलं, विचारलंसुद्धा नाही. तळमजला, दार उघडलं की रस्ता. घर कॉलेजचं आहे. ती तिथे साहित्य शिकवते, पण हंगामी. बारा तारखेला कायम नेमणुकीसाठी निवड समितीसमोर तास घ्यायचाय. झाली नेमणूक तर हे घर तिचं राहील. नाही झाली तर महिनाअखेरीला बोचकं बांधायचं. गेल्या वर्षी याच परीक्षेत ती तोंड उघडून नुसती उभी राहिली म्हणे. शब्दच फुटला नाही.

मी म्हटलं, माझी काळजी करू नकोस, मी बरी होऊन माझ्या तिसऱ्या मजल्यावर जाईन, मला एकटीची सवय आहे. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

तासाचा विषय – भयकथेत जागा काय काम करते. ठकीने त्यासाठी निवडलेली गोष्ट मला वाचून दाखवली. मी मटार सोलत होते, सोलायचे राहिले.

समुद्रातल्या खडकावर एक घर. जायला एकच वाट, भरतीला ती पाण्याखाली जाते. पूर्वी तिथे जहाजांवरच्या साथीच्या रोग्यांना कोंडून ठेवत, म्हणून खोल्यांच्या कड्या बाहेरून. एका म्हाताऱ्या मालकिणीच्या सोबतीला एक तरुण मुलगी येते. बडबडी, हसरी. घराला लांब कमानीची वाट आहे, तिथे बोललेलं सगळं परत ऐकू येतं. पोरीला स्वतःच्या आवाजाची भीती वाटायला लागते, ती कुजबुजायला लागते. म्हातारीला कुजबुज ऐकू येते, शब्द कळत नाहीत. तिला वाटतं ही काहीतरी कट करते. एका वादळी रात्री ती पोरीच्या खोलीची कडी घालते आणि त्याच रात्री म्हातारी पलीकडच्या खोलीत कोसळते. पोर ऐकते, दार बडवते. काठावरच्या डॉक्टरला दिवा हललेला दिसतो, पण वाट पाण्याखाली. सकाळी तो येईपर्यंत म्हातारी मेलेली. तो कडी काढतो, तर पोर बाहेर यायला तयार नाही. म्हणते, पुन्हा लावा.

अंगावर काटा आला. भूत एकही नाही!

६ नोव्हेंबर, गुरुवार

ठकीने लिहिलेला तास ऐकला. धुकं, वादळ, वटवाघळं, विझणारी मेणबत्ती, ‘भयाण वातावरणनिर्मिती’. मी जांभई लपवली, तिने पकडली. म्हणाली, खरं सांग. मी म्हटलं, मला तर छान वाटलं, वादळाने पोर घाबरली आणि सगळं बिघडलं.

ती थांबली. म्हणाली, मावशी, वादळ काढून टाकलं तर?

मग दोघी बसलो. माझा जन्म शिवणकामात गेला, चार यत्तांवर शाळा सुटली. पुस्तकं वाचली ती वाचनालयाच्या कृपेने, नीट-वाकडी कशीही. मला एवढंच कळतं की झालर उसवली तर झगा झगाच राहतो, खांद्याची शिवण उसवली तर हातात चिंधी येते. तेच करून बघू म्हटलं.

वादळ उसवलं. निरभ्र रात्र धरली. भरती येतेच, कडी लागतेच, म्हातारी मरतेच. म्हणजे माझंच चुकलं होतं, वादळ झालर! भरती उसवली – डॉक्टर पोहोचतो, गोष्ट संपली. कड्या आतून केल्या – पोर धावत जाते, म्हातारी वाचते. कमानीतला आवाज काढला – पोर बडबडीच राहते, संशयच येत नाही. तिन्ही शिवणी.

ठकी उठून येरझाऱ्या घालायला लागली. म्हणाली, बघ ना, कुजबुजणं हा तिचा स्वभाव नव्हताच, तो त्या वाटेने तिला लावला. आणि स्वभाव बदलला म्हणून संशय, संशय म्हणून कडी. जागा माणूस बदलते, माणूस गोष्ट बदलतो. आणि त्या कड्या! मेलेल्या लोकांच्या भीतीने बसवलेल्या, आज जिवंत पोरीला कोंडतात. या जातीच्या गोष्टीत जुनं घर लागतं ते शोभेला नाही. झालं-गेलं तिथे होऊन जात नाही, बसून राहतं.

तिने लिहिलेले सगळे कागद बाजूला ठेवले. रात्री पोटभर जेवली. देवा, तुझे उपकार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ठकीने माझ्या उत्साहावर पाणी ओतलं, ते बरंच केलं. मी म्हणत होते, मग सगळा दोष घराचा. ती म्हणाली, कडी घराने नाही घातली मावशी, हाताने घातली. एखादी दुसरी मुलगी त्या कमानीत गाणं म्हणाली असती. घर ढकलतं, पाऊल माणूस टाकतो. आणि उलटंही होतं म्हणे. एकदा पोर घाबरल्यावर ओलीचे डाग तिला तोंडं दिसायला लागतात. डाग पहिल्या दिवशीही तिथेच होते, तेव्हा तिने त्यांना नकाशा म्हटलं होतं. म्हणजे घर मनाला रंगवतं आणि मन घराला.

मला हे सुचलं नसतं. शिकलेलं माणूस घरात असण्याचं सुख असं असतं.

९ नोव्हेंबर, रविवार

कॉलेज बंद. पहारेकऱ्याने सभागृह उघडून दिलं, माझ्यासाठी खुर्चीही आणली. भला माणूस. ‘आजी, पायऱ्या उतरू नका’ म्हणाला. खोलगट सभागृह आहे. बाकं वरून खाली उतरत जातात, बोलणारा तळाशी. दार एकच, अगदी वर. मी दाराशीच बसले.

ठकी खाली जाऊन उभी राहिली. विहिरीत पडल्यासारखी दिसत होती. दोन वाक्यं बोलली आणि आवाज बसला. घसा ठणठणीत होता हो, सकाळी दूधवाल्याशी भांडली होती! पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. मग रडकुंडीला येऊन म्हणाली, बघितलंस? माझ्यात दमच नाही.

मी जे दिसलं ते सांगितलं – अगं, वरून तू इवलीशी दिसतेस. आणि मला इथून सारखं वाटतंय की मी तुझी परीक्षा घेतेय.

ती मग एकेक पायरी चढून वर आली, माझ्या खुर्चीला टेकली आणि तिथून तोच तास सरळ म्हणून दाखवला. एकदाही अडखळली नाही. पहारेकरी दाराशी थांबून ऐकत होता.

घरी येताना वाटेतल्या प्रत्येक दाराकडे बघत होती.

१० नोव्हेंबर, सोमवार

खुबा आज ठकीपेक्षा शांत आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

झाला तास! मला श्रोत्यांत बसू दिलं, शेवटच्या बाकावर. समितीत तिघे – प्राचार्य, एक चष्मेवाल्या बाई, बाहेरून आलेले एक प्राध्यापक. वरच्या रांगेत, माझ्या थोडं पुढे.

ठकी तळाशी उभी राहिली. गोष्ट थोडक्यात सांगितली. आवाज पातळ व्हायला लागला तसा माझा जीव टांगणीला. प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. मग ती बोलायची थांबली आणि पायऱ्या चढायला लागली. तिघांच्या मागून जाऊन दारात उभी राहिली, दार लोटून घेतलं. तिघांना माना वळवाव्या लागल्या.

म्हणाली, “आत्तापर्यंत तुम्ही परीक्षक होता आणि मी उमेदवार. आपल्यापैकी कुणाचाच स्वभाव बदललेला नाही. पण आता दार माझ्या पाठीशी आहे आणि तुम्हाला अवघडल्यासारखं होतंय.”

कुणी हसलं नाही. वाटलं, संपलं! तेवढ्यात चष्मेवाल्या बाईंनी आपली वही उचलली आणि बाकावरच दाराकडे तोंड करून बसल्या. मग ठकी बोलली ती बोललीच. भरती, कड्या, कमान – एकेक काढून दाखवली आणि दर वेळी विचारलं, आता गोष्ट घडते का? वादळ शेवटी काढलं आणि म्हणाली, बघा, काही बिघडलं नाही.

बाहेरच्या प्राध्यापकांनी खोचक विचारलं, “मग म्हातारीला जबाबदार धरायचंच नाही का? सगळं घरावर ढकलून मोकळे?”

ठकीने दार उघडलं. म्हणाली, “सर, मी दार लोटलं ते मी लोटलं. खोलीने फक्त मला ते लोटावंसं वाटायला लावलं.”

आणि त्या पोरीचं ‘पुन्हा लावा’ हे शेवटचं वाक्य वाचलं. म्हणाली, आता तिला कडीचीही गरज उरली नाही, घर तिच्या आत राहायला गेलं.

प्राचार्य टाचण करत राहिले.

जाताना पहारेकऱ्याने मला हात दिला. त्याचेही आभार मानले, दोनदा मानले बहुतेक.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काही कळलं नाही. ठकी भांडी घासताना गाणं म्हणत होती, मी मध्ये बोलले नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

झाली! कायम झाली!

चष्मेवाल्या बाईंचा फोन आला. ठकीने ऐकला, ठेवला आणि माझ्या मांडीत डोकं घातलं, लहानपणी घालायची तसं. आज बहीण हवी होती. तिच्या वाटणीचंही मीच रडून घेतलं.

मग डोळे पुसून म्हणाली, “मावशी, घर राहिलं. आता तू जायचं नाहीस.” मी नेहमीचं उत्तर दिलं – मला एकटीची सवय, माझा स्वभावच तसा. ती वाद घालत बसली नाही. एवढंच म्हणाली, “उसवून बघितलंस?”

हसून सोडून दिलं. पण झोप आली नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

उसवून बघितलं. यजमान गेले, गुडघे दुखायला लागले, तीन जिने नकोसे झाले. मी उतरेनाशी झाले, लोक चढेनासे झाले. इथे आल्यापासून दूधवाला, पहारेकरी, व्यायामवाली, रस्त्याने जाणारं कुत्रं – कुणालाही मी बोलल्याशिवाय सोडलेलं नाही. मी एकटी राहणारी बाई नव्हतेच.

सकाळीच घरमालकांना कार्ड टाकलं. त्यांची, सौभाग्यवतींची, मुलांची खुशाली विचारली आणि लिहिलं – माझी खोली दुसऱ्या कुणाला द्या, जिने चढता येणाऱ्याला. शिवणाचं मशीन तेवढं कुणाकडून तरी खाली उतरवून ठेवा, ठकी न्यायला येईल. तिने कधी यावं ते लवकर लिहा, मी रोज दारात बसून वाट बघतेय.