कोरं सोडलेलं उत्तर

५ जानेवारी

प्रवेश परीक्षेच्या क्लासात रँक घसरली म्हणून वर्गशिक्षकांनी पिटाळलं समुपदेशक बाईंकडे. जिन्याखालची खोली, पूर्वी तिथे खेळाचं सामान असायचं. अजून रबराचा वास मारतो. टेबलावर टिश्यूचा डबा – जसं काही आम्ही दारातूनच भोकाड पसरणार! नाव ठेवून टाकलं, टिश्यूबाई.

म्हणे, "इथलं बोलणं इथेच राहील. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला तुझ्या घरी सांगावं लागेल." पाठ केलेलं वाक्य! यांच्या पोटात काय राहणार, कप्पाळ!

१२ जानेवारी

मुद्दाम पुडी सोडली – क्लासमधला एक मुलगा मला आवडतो. धादांत खोटं. तिथली मुलं म्हणजे चालती-बोलती गाइडं! बघू, घरी कधी पोचतं.

२० जानेवारी

पोचलं नाही. आईचं तेच, "किती आले?" बाबांनी तर माझ्या रँकचा आलेख भिंतीवर चिकटवलाय. पाहुणे आले की आधी तो वाचतात, मग माझ्याकडे बघतात.

२७ जानेवारी

सराव परीक्षा. बोंब.

२ फेब्रुवारी

बाईंना नकारात्मक गुण म्हणजे काय ते समजावत होते. बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा, कोरं सोडलं तर शून्य. म्हणून येत नसेल ते कोरं सोडायचं – एवढंही माहीत नाही! बोलता बोलता निघून गेलं, "आमच्या घरात मी चुकलेलं उत्तर आहे. कोरं सोडलं असतं तर बरं झालं असतं. अजूनही सोडता येईल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे जीव द्यायचा विचार येतो का तुला?"

असं सरळ कुणी विचारतं का! मी हो म्हटलं. कधीपासून, कसं ठरवलंयस, सगळं विचारलं. आणि मग, "हे मी माझ्याकडे ठेवू शकत नाही. पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आज आई-बाबांना बोलवायचंच. तू सांगणार, की तू बसलेली असताना मी सांगू?"

दगाबाज! मी ओरडले. बाई जागच्या हलल्या नाहीत, मलाही एकटीला जाऊ दिलं नाही.

आई-बाबा आले. बाई तेवढंच बोलल्या. घरात काय काय कुलपात ठेवायचं, मनोविकारतज्ज्ञांकडे उद्याच जायचं. आईने विचारलं, "अजून काही बोलली का?" बाई म्हणाल्या, "बाकीचं तिचं तिच्याकडे."

बाबा माझी बॅग छातीशी धरून बसले होते. बावळट दिसत होते. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं! टिश्यूचा डबा बाईंनी पुढे केला नाही. मीच ओढला.

९ फेब्रुवारी

डॉक्टर बरे आहेत. गोळीने तोंड कोरडं पडतं. यंदा परीक्षा नाही, असं बाबाच म्हणाले. भिंतीवर आता नुसते चिकटपट्टीचे डाग.

४ मे

आज ती प्रवेश परीक्षा होती. उठवायला कुणी हाक मारली नाही. आपली आपण उठले. कडकडून भूक लागली होती.